पगार स्लिपचा तर्जुमा : हुमनाबादची ग्रॅच्युइटी आणि दुबईची ग्रॅच्युइटी

दसऱ्यानंतर आपल्याकडे आखाती देशांत जाणाऱ्यांची धावपळ वाढते. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, कुठल्याही तालुक्यात जा, एखादा पोरगा हैदराबादला मेडिकलसाठी गेलेला असतो, दुसऱ्याची ऑफर आलेली असते. मंडळाच्या खोलीत लोक पूर्वी जन्मदाखला किंवा टीसी मराठीतून इंग्रजीत करून घ्यायला यायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत पगाराची स्लिप घेऊन येणारे वाढले आहेत. ‘शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा द्या,’ असे एजंट सांगतो. त्या स्लिपेवर अर्धे इंग्रजी असते, मथळे कधी कन्नडमध्ये असतात, आणि घरचे विचारत असतात, ‘इथे चाळीस मिळतात, तिकडे बावन्न म्हणतात, मग बारा हजारांसाठी जायचं का?’

हा प्रश्न भाषांतराचाच आहे, असे आमचे मत झाले आहे. शब्द तोच राहतो पण सरहद्द ओलांडली की त्याचा अर्थ बदलतो, आणि माणूस इथल्या अर्थाने तिथला कागद वाचतो. खाली एका फिटरची स्लिप पूर्ण उलगडून मांडली आहे. माणूस भालकी तालुक्यातला, काम हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. नाव आणि कारखाना त्याच्या विनंतीवरून गाळले आहेत, आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

स्लिपेवर एकूण पगार ४०,००० रुपये होता. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १६,०००, घरभाडे १४,०००, येण्या-जाण्याचा भत्ता ६,०००, हत्यारे आणि कपडे धुलाई यांसाठी ४,०००. कपातीत पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २००. हातात येणारे ३८,०००. नोकरी सात वर्षे आठ महिन्यांची.

या स्लिपेचा पहिला तर्जुमा आमच्याकडे येण्याआधीच शहरातल्या एका टायपिंगच्या दुकानात झाला होता. तिथे ‘पीएफ’ या ओळीचे नुसते ‘कपात’ केले गेले. दुबईच्या कंपनीतून फोनवर प्रश्न आला की तुमच्यावर कर्ज आहे का, दरमहा १,८०० कशाचे फेडता? तिकडच्या माणसाचे चुकले असे म्हणता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही, आणि बाहेरून आलेल्या कामगाराला आपल्यासारखा सक्तीचा पीएफ नाही. पगारातून पैसे कापले गेले म्हणजे उचल, कर्ज नाहीतर दंड, एवढेच त्यांच्या डोळ्यांसमोर येते. आपण त्या ओळीत ‘पीएफ’ हा शब्द तसाच ठेवला आणि पुढे एक वाक्य जोडले: कायद्याने सक्तीची निवृत्तीबचत, रक्कम कामगाराच्याच नावावर जमा, मालकही तेवढीच रक्कम भरतो. कर्जाचा विषय तिथेच मिटला.

शब्दाला शब्द बसवण्याच्या हौसेत हेच होते. कन्नडमध्ये पीएफला ‘भविष्य निधी’ म्हणतात, मराठीत ‘भविष्य निर्वाह निधी’. महागाई भत्ता त्यांचा ‘तुट्टी भत्ये’. ग्रॅच्युइटीला दोन्हीकडच्या सरकारी भाषेत ‘उपदान’. आपल्याला या दोन्ही भाषांत अडचण येत नाही, कारण दोन्हींच्या मागे कायदा एकच आहे. अरबीत गेले की कायदाच वेगळा. गंमत अशी की शब्द मात्र ओळखीचे वाटतात. पगाराला तिकडे ‘रातिब’ म्हणतात, आपला दुधाचा रतीब त्याच घरातला. घरभाड्याला ‘बदल सकन’, म्हणजे राहण्याच्या बदल्यात दिलेली रक्कम. आपला ‘बदल’ही अरबीतूनच आलेला. बीदरच्या जुन्या माणसांच्या तोंडी निजामाच्या काळातला ‘तनखा’ अजून असतो, त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. पण ओळखीच्या शब्दाने गाफील राहायला होते, आणि सगळ्यात जास्त गाफील ठेवणारा शब्द म्हणजे ग्रॅच्युइटी.

आधी आपल्या बाजूची ग्रॅच्युइटी पाहू. हिशोब असा: शेवटचे वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षे. महिन्यातले कामाचे दिवस २६ धरले आहेत, म्हणून २६ ने भागायचे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झाले असेल तर ते वर्ष पूर्ण धरतात. आपल्या फिटरचे सात वर्षे आठ महिने म्हणून आठ वर्षे होतात. कायमच्या कामगाराला सलग पाच वर्षे झाल्यावरच हा हक्क मिळतो.

प्रश्न ‘वेतन’ कशाला म्हणायचे याचा आहे. इतकी वर्षे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे बेसिक आणि महागाई भत्ता धरला जाई. त्यामुळे अनेक कारखान्यांनी बेसिक लहान ठेवून बाकीचे भत्त्यांत वाटून टाकले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे, येण्या-जाण्याचा भत्ता अशा वगळलेल्या रकमा एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर निम्म्यावरचा भाग परत वेतनात धरायचा. आपल्या स्लिपेवर वगळलेले भत्ते २४,००० आहेत. ४०,००० चे निम्मे २०,०००. वरचे ४,००० वेतनात परत येतात आणि वेतन १६,००० ऐवजी २०,००० होते.

रुपयांत सांगायचे तर जुन्या पद्धतीने त्याची ग्रॅच्युइटी ७३,८४६ होते आणि नव्या व्याख्येने ९२,३०८. फरक साडेअठरा हजारांचा. स्लिपेवरचा एकही आकडा न बदलता हा फरक पडला आहे. त्यामुळे ‘माझी ग्रॅच्युइटी किती’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किती वेतनावर काढली’ हे लेखी विचारावे लागते. कारखान्याच्या हिशोबनीसाला जुना तक्ता वापरायची सवय आहे, त्यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हुमनाबाद आणि बीदरच्या कोळहार भागात मुदतीच्या करारावर काम करणारे पुष्कळ आहेत. नव्या संहितेप्रमाणे मुदतीच्या करारावरच्या कामगाराला पाच वर्षांची अट नाही, वर्षभर काम केले की प्रमाणात ग्रॅच्युइटी लागू होते. करार हातात असेल तर तो नीट जपा.

आता दुबईची ऑफर. एकूण २,२०० दिरहम; त्यात बेसिक १,१००, ‘इतर भत्ता’ ७००, जेवणाचे ४००, राहायची सोय कंपनीची. शेवटी एक ओळ, ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे. दिरहमाचा भाव रोज हलतो, हिशोबासाठी आम्ही २४ रुपये धरला. म्हणजे ५२,८००. घरच्यांच्या तोंडी असलेले बावन्न ते हेच.

तिथला कायदा २०२१ चा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू. अरबीत ग्रॅच्युइटीला जो शब्दप्रयोग आहे त्याचा अर्थ ‘सेवा संपल्याचे बक्षीस’ असा होतो. एक वर्ष पूर्ण झाले की हक्क मिळतो, पाच वर्षे थांबावे लागत नाही. पहिल्या पाच वर्षांपर्यंत दरवर्षी २१ दिवसांचे वेतन, त्यानंतरच्या वर्षांना ३० दिवसांचे. विनापगार गैरहजेरीचे दिवस नोकरीतून वजा होतात. काम सुटल्यावर १४ दिवसांत सगळी देणी द्यायची असतात. आपल्याकडे वर्षाला १५ दिवस आणि तिकडे २१, म्हणजे तिकडचे चांगले, असे कोणीही पटकन म्हणेल. एजंटही तेच म्हणाला होता.

पण ते २१ दिवस नुसत्या बेसिकचे आहेत, भत्ता एक दिरहमही धरत नाहीत. आणि निम्म्याचा जो नियम आपल्याकडे आता आला, तो त्यांच्याकडे नाही. बेसिक १,१०० म्हणजे दिवसाला ३६ दिरहम आणि वर थोडे. २१ दिवसांचे ७७०. वर्षाला १८,४८० रुपये. पगाराचे वेगवेगळे तुकडे करण्याची जी युक्ती आपल्याकडे संहितेने थोडी रोखली, ती तिकडे उघड चालते, आणि तीही कायद्यात बसून.

बेसिकचा मार ओव्हरटाइमलाही बसतो. आपल्याकडे कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर आहे. अमिरातीत बेसिकच्या दरावर किमान २५ टक्के वाढ. १,१०० च्या बेसिकवर तासाला ४.५८ दिरहम, त्यावर पाव वाढवून ५.७३. रोजचे दोन तास धरले, महिन्याला २६ दिवस, तर ५२ तासांचे २९८ दिरहम झाले. बेसिक १,६०० असते आणि एकूण पगार तोच २,२०० राहिला असता, तर त्याच ५२ तासांचे ४३३ मिळाले असते. महिन्याला १३५ दिरहमांचा फरक, म्हणजे सव्वातीन हजार रुपये. ग्रॅच्युइटीत वर्षाला ७७० ऐवजी १,१२०. ऑफरवरचा एकूण आकडा तोच राहून, आतली मांडणी बदलल्याने एवढे होते.

याची जाणीव वेळेत व्हायला हवी, कारण सही झाल्यावर काही करता येत नाही. अमिरातीत २०१६ पासून ठराविक नमुन्याचे ऑफरपत्र सक्तीचे आहे. कामगाराला ते त्याच्या भाषेत वाचायला मिळावे म्हणून अरबी आणि इंग्रजीबरोबर इतर भाषांत ते काढले. हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम, तमिळ, बंगाली, नेपाळीही आहे. मराठी नाही आणि कन्नडही नाही. आपल्या माणसाला हिंदी नाहीतर उर्दूतच वाचावे लागते. बीदरकरांना ते अवघड जात नाही म्हणा. या पत्रातल्या अटींपेक्षा वाईट अटी पुढच्या करारात घालता येत नाहीत, असा तिथला नियम आहे. म्हणून एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला इंग्रजी मजकूर हा ऑफर नव्हे. मंत्रालयाच्या नमुन्यातले पत्र मागायचे, आणि त्यात ‘मूळ वेतन’ या रकान्यात काय आहे तेवढे आधी पाहायचे. एकूण रक्कम नंतर पाहिली तरी चालते.

सौदीचे वेगळे आहे, तेही सांगायला हवे, कारण बीदर आणि कलबुर्गीतले निम्मे लोक ‘आखात’ म्हणजे एकच देश समजून बोलतात. सौदीत पहिल्या पाच वर्षांना वर्षाला अर्ध्या महिन्याचे आणि पुढे पूर्ण महिन्याचे वेतन देतात. पण कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश. दुबईला असलेल्या चुलत भावाचा अनुभव ऐकून रियाधचा कागद वाचू नये.

आता पीएफकडे येऊ. त्याचा तर्जुमा करायला तिकडे शब्दच नाही, आणि घरच्या हिशोबात सगळ्यात मोठी चूक इथे होते. स्लिपेवर फक्त कामगाराचे १,८०० दिसतात. पीएफची वेतनमर्यादा १५,००० आहे, त्याचे १२ टक्के म्हणजे १,८००. मालकही १,८०० भरतो, पण तो आकडा स्लिपेवर बहुधा छापत नाहीत. मालकाच्या त्या १,८०० मधले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफ खात्यात. म्हणजे खात्यात दरमहा २,३५० जमा. आपल्या फिटरचे ९२ महिने धरले आणि सोयीसाठी सुरुवातीपासून हेच आकडे मानले, तर व्याज सोडून २,१६,२०० होतात. पासबुकात रक्कम कमी दिसते म्हणून पुष्कळ जण चिडतात. ती कमी नसते, पेन्शनचे १,१५,००० त्या शिलकीत मोजलेले नसतात.

मग तुलना अशी करावी लागते. इथे मालक त्याच्या नावावर वर्षाला २१,६०० पीएफ आणि पेन्शनमध्ये घालतो, वर ग्रॅच्युइटीचे वर्षाला ११,५३८ साठतात. दोन्ही मिळून ३३,१३८. दुबईच्या त्या ऑफरमध्ये याच्या जागी १८,४८० आहेत, बाकी काही नाही. शिवाय स्वतःचे १,८०० इथे आपोआप बाजूला पडतात, तिथे ते हातात येतात आणि खर्च होतात. महिन्याचा फरक चौदा-पंधरा हजारांचा दिसतो, पण वर्षाअखेरची मागे पडणारी रक्कम तिकडे कमी आहे. त्याने जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. घरावर कर्ज असेल, बहिणीचे लग्न असेल, तर हातात येणाऱ्या रोख पैशाचे मोल वेगळे असते, आणि ते त्या घरालाच ठाऊक. मात्र बावन्न वजा चाळीस हा हिशोब खरा नाही.

जाणाऱ्यापुढे पीएफचे दोन वेगळे निर्णय असतात आणि बहुतेक जण ते एकच समजतात. पहिला, पीएफची रक्कम. परदेशात नोकरीसाठी देश सोडून जाणाऱ्याला पूर्ण रक्कम काढण्याची तरतूद योजनेत आहे. ठेवायची असेल तर ठेवता येते. दुसरा, पेन्शन. दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी असेल तर पेन्शनचे पैसे काढता येतात, किंवा त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येते. अर्ज एकच, १०-सी नंबरचा फॉर्म. त्यात कुठल्या पर्यायावर खूण करतो यावर पुढचे सगळे अवलंबून. पैसे काढले तर ही आठ वर्षे पुसली जातात. प्रमाणपत्र घेतले तर ती शाबूत राहतात, आणि परत येऊन पीएफ असलेल्या नोकरीत आणखी दोन वर्षे केली की दहा पूर्ण होऊन ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क लागतो. तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी जाऊन चाळिशीत परत येणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यांनी प्रमाणपत्र घ्यावे, असे आम्ही स्पष्टच सांगतो. हातातल्या लाखभर रुपयांचा मोह आम्हालाही कळतो.

एक बारीक पण नेहमी अडवणारी गोष्ट. पीएफच्या सगळ्या कामाला मोबाइलवर ओटीपी येतो. माणूस शारजाला पोचतो, इथले सिम रिचार्ज न झाल्याने बंद पडते, नंबर दुसऱ्याला जातो, आणि मग आई-वडील कलबुर्गीच्या पीएफ कार्यालयात खेटे घालतात. जाण्याआधी आधार, बँक खाते आणि मोबाइल जोडलेले आहेत का, कारखान्याने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, आणि वारसाचे नाव आहे का, हे पाहून घ्या. तो नंबर घरात कोणीतरी चालू ठेवा.

आपल्यापैकी काहींची मुले बंगळुरू, पुण्याहून जर्मनीला जातात. त्यांचा मामला निराळा. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे इथल्या कंपनीने तात्पुरते पाठवलेल्या माणसाने पीएफ कार्यालयाकडून प्रमाणपत्र नेले तर पेन्शनची वर्गणी दोन्हीकडे भरावी लागत नाही. आखाती देशांशी असा करार नाही.

तर त्या फिटरचे पुढे काय झाले? स्लिप आम्ही पुन्हा इंग्रजीत केली. बेसिक, घरभाडे, पीएफ हे शब्द जसेच्या तसे ठेवून प्रत्येकापुढे एक ओळ लिहिली. घरभाड्यापुढे ‘पगाराचा भाग, दरमहा रोख, भाड्याच्या पावतीची अट नाही’, कारण तिकडे घर म्हटले की कंपनीची खोली समजतात. एकूण आणि हातात येणारा पगार वेगळा दाखवला. त्याने ऑफरवर मूळ वेतन वाढवून मागितले. एजंट आधी नाही म्हणाला, मग आठ दिवसांनी नवे पत्र आले: बेसिक १,४००, भत्ता ४००, जेवण ४००. एकूण तेच २,२००. ग्रॅच्युइटी वर्षाला ९८० दिरहम झाली.

इथल्या कारखान्याने ग्रॅच्युइटी ७३,८४६ प्रमाणे काढली आहे. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, त्यातले बारा दिवस उरले आहेत. वेतन १६,००० का धरले, २०,००० का नाही, असे विचारणारा अर्ज त्याने पोच घेऊन दिला आहे. विमान पुढच्या शनिवारी आहे, म्हणून उत्तर घ्यायला त्याने धाकट्या भावाच्या नावे अधिकारपत्र करून ठेवले आहे.